एक चिन्ह चुकलं, तर तीनपैकी किती?

"मुंबईतल्या एका मराठी शाळेत दहावीला बीजगणित शिकवतो, हे माझं दुसरं वर्ष. प्रिलिमला वर्गसमीकरण सूत्राने सोडवायचं तीन गुणांचं गणित होतं. एका मुलाची पद्धत पूर्ण बरोबर, फक्त एका चिन्हामुळे उत्तर चुकलं. मी अडीच दिले. आमच्या ज्येष्ठ बाई म्हणतात, उत्तर चूक आहे, एक द्या. नक्की किती द्यायचे आणि कशाच्या आधारावर?"

माझ्या हिशोबाने बहुतेक वेळा दोन. 'बहुतेक वेळा' मी मुद्दाम लिहिलंय, कारण ते चिन्ह कोणत्या ओळीत चुकलं हे तुम्ही सांगितलेलं नाही आणि सगळा हिशोब त्या ओळीवर अवलंबून आहे. एकाच गणितात एकच चिन्ह चुकवून एक मुलगा दोन गुण मिळवतो, दुसरा दीड आणि तिसरा एक. कदाचित तुम्ही आणि तुमच्या बाई दोन वेगवेगळे पेपर डोळ्यांसमोर ठेवून वाद घालत असाल.

तुमचं गणित माझ्यासमोर नाही, म्हणून मी वर्गात नेहमी घेते ते घेते: 2x² − 5x − 3 = 0. यात b आणि c दोन्ही ऋण आहेत. चिन्हाची चूक करायला जितक्या जागा असू शकतात तितक्या सगळ्या यात सापडतात, आणि मुलं एकही जागा रिकामी सोडत नाहीत. बरोबर सोडवलं तर असं दिसतं:

a = 2, b = −5, c = −3

b² − 4ac = (−5)² − 4(2)(−3) = 25 + 24 = 49

x = (−b ± √(b² − 4ac)) / 2a = (5 ± 7) / 4

x = 3 किंवा x = −1/2

तीन गुण मी असे वाटते. a, b, c च्या किमती चिन्हासकट लिहिल्या की अर्धा. b² − 4ac मध्ये त्या किमती ठेवल्या की अर्धा, आणि त्याची किंमत बरोबर काढली की अर्धा. सूत्र लिहिलं की अर्धा, सूत्रात किमती ठेवल्या की अर्धा, दोन्ही मुळे बरोबर आली की शेवटचा अर्धा. सहा अर्धे, तीन गुण. तुमच्या शाळेची वाटणी थोडी वेगळी असू शकते, कोणी पहिल्या ओळीला एक देतं आणि सूत्राला काहीच देत नाही. ते चालतं. फक्त वाटणी पहिला पेपर उघडायच्या आधी कागदावर हवी, निम्मे पेपर झाल्यावर नको.

आता पेपर बघू. एका मुलीने 3/2 आणि 1 अशी मुळे काढली आहेत. दुसऱ्या मुलाचीही तीच, तिसऱ्याचीही तीच. तिघांनाही सारखे गुण द्यावेत असं वाटतं ना? थांबा, ओळी वाचा.

मुलीने पहिल्याच ओळीत c = 3 लिहिलंय. समीकरणातून किंमत उचलताना वजा मागे राहून गेला. त्यापुढे 25 − 24 = 1, मग (5 ± 1)/4, मग 3/2 आणि 1. तिच्या c साठी यातलं अक्षरन् अक्षर बरोबर आहे. पहिल्या ओळीचा अर्धा गेला, उत्तराचा अर्धा गेला, बाकीचे दोन तिचे.

दुसऱ्या मुलाने c = −3 बरोबर लिहिलं, −4(2)(−3) असं ठेवलंही, आणि पुढच्या ओळीत 25 − 24 केलं. म्हणजे ऋण गुणिले ऋण इथे तो फसला. किमती ठेवल्याचा अर्धा त्याला मिळाला, किंमत काढल्याचा गेला, उत्तराचा गेला. त्यालाही दोन.

तिसऱ्याच्या a, b, c च्या किमतीही बरोबर आहेत, पण त्याने सूत्रातच b² + 4ac लिहिलंय. मग 25 + 4(2)(−3) म्हणजे 25 − 24 म्हणजे 1, आणि पुढे तेच 3/2 आणि 1. हीसुद्धा दिसायला 'एका चिन्हाची चूक' आहे. पण या गणितात सूत्र हीच पद्धत आहे, आणि प्रश्नात 'सूत्राचा वापर करून' असं लिहिलेलं असतं. चुकीच्या सूत्रात बरोबर किमती ठेवल्या म्हणून त्याची पद्धत बरोबर ठरत नाही. विवेचकाचे दोन्ही अर्धे मी देत नाही, कारण त्याने काढलेली राशी विवेचकच नाही. सूत्राचा अर्धा नाही, उत्तराचा नाही. a, b, c चा अर्धा आणि −b व 2a च्या जागी नीट किमती ठेवल्याचा अर्धा, मिळून एक. तुमच्या बाईंनी 'एक' म्हटलं तेव्हा त्यांच्यासमोर असा पेपर असेल, तर माझं मत त्यांच्याकडे जाईल.

चौथा मुलगा वेगळा आहे. त्याचा विवेचक 49 बरोबर आलाय, सूत्रही बरोबर लिहिलंय, पण −b च्या जागी त्याने −5 ठेवलं. b ऋण पाच, म्हणून −b देखील ऋण पाच, असा काहीतरी घोटाळा. (−5 ± 7)/4 वरून त्याला 1/2 आणि −3 मिळाले. बरोबर उत्तरांची चिन्हं उलटी केली की नेमकी हीच मुळे मिळतात, म्हणून ही चूक लांबूनसुद्धा ओळखू येते. सूत्रात किंमत ठेवल्याचा अर्धा आणि उत्तराचा अर्धा कापायचा. दोन.

तुम्ही अडीच दिले, म्हणजे जिथे चूक झाली तिथे अर्धा कापला आणि शेवटी काही कापलं नाही. त्यामागचा विचार मला कळतो: एका चुकीची शिक्षा एकदाच. माझाही नियम तोच आहे, पण तो मधल्या ओळींसाठी. उत्तराचा अर्धा गुण हा 'शिक्षा' नाहीच, तो बरोबर उत्तराचा मोबदला आहे. ज्या मुलीने 3 आणि −1/2 काढले तिने तो मिळवला, बाकीच्यांनी मिळवला नाही, एवढंच. शिवाय x = 1 मूळ समीकरणात ठेवून पाहायला किती वेळ लागतो? 2 − 5 − 3 म्हणजे −6, शून्य नाही. गणित भाग १ च्या चाळीस गुणांना दोन तास असतात, त्यात हे दहा सेकंदांचं काम आहे.

आणि एकच गुण देणाऱ्यांचं चुकतं ते मधल्या ओळींत. पहिल्या मुलीचं c चुकलं म्हणून तिचा विवेचक 'चूक', विवेचक चूक म्हणून किमती ठेवणं 'चूक', म्हणून मुळे 'चूक', असं करत ते एकच वजा चार ठिकाणी वसूल करतात. तिने त्या तीन ओळींत जे कौशल्य दाखवलं त्याचं काय? ते 25 + 24 करणाऱ्या मुलाइतकंच आहे. मुंबईत केंब्रिज आणि आयबीच्या शाळाही बऱ्याच आहेत. तिथल्या गुणदानात पद्धतीचे गुण आणि अचूकतेचे गुण आधीपासूनच वेगळे लिहिलेले असतात, आणि मागची चूक पुढे नेऊन केलेल्या बरोबर कामाला 'फॉलो थ्रू' म्हणून गुण मिळतात. आपल्याकडे 'स्टेप मार्किंग' सगळे म्हणतात, पण चुकीनंतरच्या स्टेप्सचं काय करायचं हे ज्याच्या त्याच्या मनावर सोडलेलं असतं. तुमचा वाद नेमका तिथलाच आहे.

मात्र चूक पुढे नेऊन गुण देण्याला मी एक मर्यादा घालते: चुकीनंतर उरलेलं काम मूळ कामाइतकंच असलं पाहिजे. पाचव्या मुलाने (−5)² ची किंमत −25 काढली. मग −25 + 24 = −1. विवेचक ऋण, म्हणून 'मुळे वास्तव संख्या नाहीत' असं लिहून खाली रेघ मारली आणि पुढच्या प्रश्नावर गेला. त्याच्या विवेचकासाठी निष्कर्ष बरोबरच आहे, ते मान्य. पण सूत्रात किमती ठेवणं, वर्गमूळ घेणं, ± उघडून दोन मुळे काढणं हे काम त्याने केलंच नाही. त्याची चूक त्याला घराच्या दारातूनच परत घेऊन गेली. न केलेल्या कामाला मी गुण देऊ शकत नाही. a, b, c चा अर्धा, किमती ठेवल्याचा अर्धा, आणि सूत्र कुठे लिहिलं असेल तर त्याचा अर्धा: फार तर दीड. पहिली काही वर्षं मी त्या निष्कर्षाला अर्धा गुण देत असे. मग लक्षात आलं की खपून 3/2 आणि 1 पर्यंत पोहोचलेल्या मुलीला दोन आणि अर्ध्या वाटेत थांबलेल्यालाही दोन, असं होतंय. तेव्हापासून बंद केलं.

याच मुलाच्या निमित्ताने एक बारीक गोष्ट. पुष्कळ मुलं कंस न घालता −5² लिहितात. त्यातली काही पुढे 25 लिहितात, काही −25. काटेकोरपणे −5² म्हणजे −25 च. पण ज्याने −5² = 25 लिहिलं त्याच्या मनात कंस आहे, कागदावर नाही. त्याचे मी गुण कापत नाही, लाल पेनने कंस काढून देते. ज्याने −25 लिहिलं त्याने मात्र आपल्याच लिखाणाचा बळी दिला, त्याला किंमत काढल्याचा अर्धा मिळत नाही.

या चुका कुठून येतात याचं एक कारण आपल्या बोलण्यात आहे असं मला वाटत आलंय. आपण मराठीत क्रियेलाही 'वजा' म्हणतो आणि चिन्हालाही 'वजा' म्हणतो. फळ्यावर लिहिताना माझ्याच तोंडून 'वजा चार गुणिले दोन गुणिले वजा तीन' असं निघायचं, आणि मुलाच्या कानावर दोन वजा एकाच चालीत पडायचे. दुसरा वजा नुसता घोषणेसारखा वाटतो आणि गळून जातो. सेमी-इंग्रजीच्या वर्गातही 'मायनस, मायनस' असंच चालतं. 'उणे तीन' किंवा 'ऋण तीन' हे शब्द आपल्याकडे आहेत. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये चिन्हांचे नियम सांगितले तेही धन आणि ऋण, म्हणजे गाठीशी असलेलं आणि कर्ज, या शब्दांत. मी वर्गात संख्येला 'उणे' आणि क्रियेला 'वजा' असं आग्रहाने म्हणायला लागल्यापासून c चा वजा विसरणारी मुलं थोडी कमी झाली. पण हे शिकवण्याबद्दल झालं. पेपर तपासताना मुलाच्या डोक्यात काय असेल याचा अंदाज बांधून गुण वाढवू किंवा घटवू नका. कागदावर जे आहे त्याचेच गुण.

आता दुसरं एक गणित, कारण सूत्राच्या गणितात चिन्ह ही बहुधा हाताची चूक असते, शाब्दिक उदाहरणात ती अर्थाची असू शकते. चार गुणांचं उदाहरण घ्या: मुंबई ते पुणे १५० किमी अंतर एक बस ठराविक वेगाने जाते. वेग ताशी १० किमी जास्त असता तर अर्धा तास कमी लागला असता. बसचा वेग काढा. वेग x धरला तर:

150/x − 150/(x + 10) = 1/2

3000 = x(x + 10)

x² + 10x − 3000 = 0

(x + 60)(x − 50) = 0

x = −60 सोडून द्यायचं, वेग ताशी ५० किमी. पडताळा: तीन तास आणि अडीच तास, फरक अर्ध्या तासाचा. इथे माझी वाटणी अशी: x धरून दोन्ही वेळा लिहिल्या की एक, समीकरण मांडलं की एक, ते प्रमाणरूपात आणलं की अर्धा, अवयव पाडले की अर्धा, मुळे काढून ऋण मूळ नाकारलं की अर्धा, एककासह उत्तर अर्धा.

एका मुलीने समीकरण बरोबर मांडलं, पण प्रमाणरूपात आणताना x² − 10x − 3000 = 0 लिहिलं. मग (x − 60)(x + 50) = 0, ऋण मूळ −50 नाकारलं, वेग ताशी ६० किमी. गंमत म्हणजे उत्तर अगदी शक्य वाटणारं आहे. एक्सप्रेसवेवरची बस ताशी साठने जाऊ शकते, त्यामुळे तिला शंका यायचं कारणच नव्हतं. प्रमाणरूपाचा अर्धा गेला, उत्तराचा अर्धा गेला, बाकी तीन. बिनधास्त द्या. अवयव पाडणं, ऋण वेग नाकारणं सगळं तिने मूळ गणिताइतक्याच कष्टाने केलंय.

दुसऱ्या मुलाने सुरुवातच अशी केली:

150/(x + 10) − 150/x = 1/2

हाही एका वजाचाच प्रकार, फक्त दोन पदांची अदलाबदल झाली आहे. पण या वजाचा अर्थ काय होतो पाहा. वेग वाढवल्यावर लागणारा वेळ आधीच्या वेळेपेक्षा जास्त आहे, असं हे समीकरण म्हणतं. वेग वाढला की वेळ कमी लागतो, हे उदाहरणातलं एकमेव वाक्य समीकरणात आणायचं होतं आणि तेच उलटं आलं. समीकरणाचा पूर्ण एक गुण जातो. इथे मी अर्धासुद्धा देत नाही.

पुढे त्याने काय केलं ते जास्त महत्त्वाचं आहे. डाव्या बाजूला −1500 येतात, तिरकस गुणाकार केला की −3000 = x² + 10x, म्हणजे x² + 10x + 3000 = 0. याचे अवयव पडत नाहीत. विवेचक 100 − 12000, साफ ऋण. मुलाने थोडा वेळ खोडाखोड केलेली दिसते, आणि मग वजा गुपचूप गायब होऊन 3000 = x² + 10x आणि शेवटी ताशी ५० किमी. उत्तर बरोबर! उत्तर बघून गुण देणारा तपासनीस इथे चारपैकी चार देतो, आणि तोच तपासनीस ताशी ६० लिहिणाऱ्या मुलीला एक देतो. मी याला दोन देते: वेळा लिहिल्याचा एक, अवयवांचा अर्धा, मुळे आणि ऋण मूळ नाकारल्याचा अर्धा. उत्तराचा अर्धा देत नाही, कारण ते उत्तर त्याच्या लिखाणातून येत नाही. दोन चुकांनी एकमेकींना खाल्लं म्हणून ते तिथे आलंय.

असे पेपर ओळखायची खूण म्हणजे बरोबर उत्तर आणि वरच्या दोन-तीन ओळींत खोडलेलं चिन्ह. खोडलेलं दिसलं की वरपासून वाचायचं. मात्र कोणी घाईत एका ओळीत + लिहून लगेच पुढच्या ओळीत मूळ − वरूनच अवयव पाडले असतील, तर ती फक्त उतरवण्याची चूक आहे. तिथे प्रमाणरूपाचा अर्धा कापून बाकी सगळे, उत्तरासकट, द्या. फरक कळतो तो समीकरण मांडलेल्या ओळीवरून: ती ओळ बरोबर असेल तर उतरवण्याची चूक, तीच उलटी असेल तर जुळवाजुळव.

सूत्राऐवजी अवयव पद्धतीचं गणित असेल, तर चिन्हाला मी जास्त किंमत लावते. 2x² − 5x − 3 मध्ये मधलं पद −6x + x असं फोडणं हेच त्या गणिताचं मर्म आहे. कोणी +6x − x फोडलं तर त्यांची बेरीज +5x होते, म्हणजे ज्याची परीक्षा होती तेच चुकलं. पुढचा गट करणं बरोबर असलं तरी दोन गुणांच्या त्या प्रश्नात एकापेक्षा जास्त देणं मला जमत नाही. उलट −6x + x बरोबर फोडून पुढे 2x(x − 3) − 1(x − 3) असं लिहिणाऱ्याची ती हाताची चूक, त्याला दीड. चौकटी भरायच्या कृतीच्या प्रश्नात तर पुढच्या ओळी छापूनच दिलेल्या असतात, तिथे चूक पुढे नेण्याला फारशी जागा नसते.

हे सगळं चाळीस-पन्नास पेपरांत सारखं कसं ठेवायचं? पेपर हातात घ्यायच्या आधी मी गणितातलं एकेक चिन्ह मुद्दाम उलटं करून गणित सोडवते आणि चुकीच्या उत्तरांची यादी करते. वरच्या गणिताची यादी छोटीच होती: '3/2, 1 म्हणजे c, गुणाकार किंवा सूत्र, ओळ बघ', '1/2, −3 म्हणजे −b', 'वास्तव मुळे नाहीत म्हणजे बहुधा b²'. ही चिठ्ठी पेपरांच्या गठ्ठ्यावर ठेवली की दर वेळी मुलाच्या चुकीच्या किमती घेऊन गणित पुन्हा सोडवावं लागत नाही. खरं सांगायचं तर लोक चुकीनंतर गुण देत नाहीत त्याचं मोठं कारण कंटाळा हेच असतं: चुकीच्या c साठी बरोबर उत्तर काय हे काढत बसायला वेळ नसतो. यादी केली की ते कारण उरत नाही.

दुसरं, मी एक पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासत नाही. आधी सगळ्यांचा तोच एक प्रश्न, मग पुढचा. हे मी ठेच लागून शिकले. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी चाचणीचे निम्मे पेपर सकाळी स्टाफरूममध्ये आणि निम्मे संध्याकाळी कल्याण स्लोमध्ये, खिडकीशी जागा मिळाली म्हणून, तपासले. सकाळी −b च्या चुकीला मी दोन दिले होते. संध्याकाळी त्याच चुकीला एक. शेजारशेजारी बसणाऱ्या दोन मुलींनी पेपर एकमेकींना दाखवले आणि दोघी माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. चूक तीच, वर्ग तोच, गुण वेगळे. माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. ज्या मुलीला एक दिला होता तिचा गुण वाढवला आणि तेव्हापासून गाडीत पेपर काढले नाहीत.

एक प्रश्न राहतो, तो पालक हमखास विचारतात. मुलाने तीच चूक, समजा (−5)² = −25 सारखी, तीन वेगवेगळ्या प्रश्नांत केली तर? एका प्रश्नात ती चूक एकाच जागी कापायची. तीन प्रश्नांत असेल तर तिन्ही प्रश्नांत कापायची. प्रत्येक प्रश्नाचा हिशोब स्वतंत्र असतो, आणि तीच चूक तीनदा करणाऱ्याला एकदा करणाऱ्याइतकेच गुण देणं हे दुसऱ्यावर अन्याय करणं आहे.

गुण देताना समासात एकूण 2 असं लिहून पुढे जाऊ नका. ज्या ओळीला अर्धा दिला त्या ओळीसमोर ½ लिहा, जिथे कापला तिथे चिन्हाभोवती गोल करा, आणि बेरीज प्रश्नाच्या शेवटी. बाईंशी बोलताना हाच पेपर घेऊन बसा आणि त्यांना 'किती द्यायचे' असं विचारूच नका, 'या ओळीचा अर्धा द्यायचा की नाही' असं विचारा. c = 3 वाली ओळ असेल तर त्या कदाचित दोनवर येतील. b² + 4ac निघालं तर तुम्हाला अडीचवरून खाली यावं लागेल.